घाम फुटला, पण शुगर कमी नव्हती

प्रश्न: माझ्या आईला बऱ्याच वर्षांपासून डायबेटीस आहे. छातीत अजिबात न दुखता हार्ट अटॅक येऊ शकतो का? बायकांमध्ये लक्षणं वेगळी असतात असं ऐकलंय. घरच्या घरी ओळखायचं कसं?

हो, येऊ शकतो. मी हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे, तरी हे सांगायचं ते कामावरच्या अनुभवातून नाही, घरातल्या एका भांडणातून सांगते. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

सासूबाई तेव्हा सदुसष्टच्या. डायबेटीस जुना. पायांतली संवेदना इतकी गेलेली की चालता चालता चप्पल निसटली तरी त्यांना कळायचं नाही. खुर्चीतून उठलं की भोवळ यायची. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एका संध्याकाळी त्या बसल्या बसल्या गप्प झाल्या. कपाळावर, मानेवर थंड घाम, ब्लाउज पाठीला चिकटलेला, मळमळ, आणि हात उचलायचं त्राण नाही. माझे दीर म्हणाले, "शुगर उतरली असणार, साखरपाणी द्या." अंदाज चुकीचा नव्हता, शुगर उतरल्यावर असाच घाम फुटतो. मी ग्लुकोमीटर लावला, तर २८४.

माझं सगळं म्हणणं या आकड्यापाशी आहे. डायबेटीसच्या माणसाला थंड घाम फुटलाय आणि शुगर उतरलेली नाही, तर तो घाम कशाचा? हृदयावर ताण आला की शरीर ॲड्रेनलिन सोडतं. त्याने घाम फुटतो आणि शुगर वरही चढते. म्हणजे एरवी ताब्यात असलेली शुगर कारणाशिवाय वाढलेली दिसणं हासुद्धा त्याच गोष्टीचा पुरावा असू शकतो. दिरांचं म्हणणं मात्र एकच, "शुगर वाढलीये, गोळी द्या, ॲसिडिटीचं औषध द्या आणि झोपू द्या."

"आई, छातीत दुखतंय का?" त्यांनी विचारलं. "नाही." पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. "बघ वहिनी, ती स्वतः सांगतेय." पण त्या बोलताना सारखा खालचा जबडा दाबत होत्या आणि दोन खांद्यांच्या मधोमध पाठ खुर्चीला घासत होत्या. ते त्यांना सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. मी नाडी धरली, अठ्ठेचाळीस. एरवी त्यांची ऐंशीच्या आसपास असायची.

दुखलं का नाही, ते सांगते. हृदयातून वेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा पायांच्या नसांसारख्याच वर्षानुवर्षांच्या साखरेने खराब होतात. ज्यांच्या पायांना चप्पल निसटल्याचं कळत नाही आणि उठल्यावर ज्यांचं बीपी पडतं, त्यांच्या छातीने वेळेवर ओरडावं अशी अपेक्षा कशी करायची? झटका मात्र तेवढाच मोठा असतो. त्यात सासूबाईंची बंद पडत असलेली रक्तवाहिनी उजवी होती. ती बहुतेकांमध्ये हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त पुरवते. ही भिंत छाती आणि पोटामधल्या पडद्यावर टेकलेली असते, म्हणून त्रास मळमळ, ओकारी, पोटात जड वाटणं अशा रूपात बाहेर येतो आणि सगळे ॲसिडिटी म्हणून मोकळे होतात. ठोके ठरवणाऱ्या गाठींनाही बहुधा हीच वाहिनी रक्त देते, म्हणून नाडी मंदावते. ॲसिडिटीच्या औषधाने बरं वाटलं तरी हृदय सुटलं असं धरू नका, अटॅकमध्येही थोडा वेळ बरं वाटू शकतं.

जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे. दिरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कागद मी हातात घेतला. aVL या पट्टीत रेषा किंचित खाली दबलेली होती, एवढंच. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये ही खूण कधी कधी सर्वात आधी दिसते. मी घरी जायला नकार दिला आणि पुन्हा ईसीजी काढायला लावला. साधारण वीस मिनिटांनी काढलेल्या ईसीजीत II, III आणि aVF या खालची भिंत दाखवणाऱ्या पट्ट्यांमध्ये रेषा उचललेली होती. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. ॲस्पिरिन चावायला दिली आणि ॲम्ब्युलन्स आली. कुणीतरी जिभेखालची सॉर्बिट्रेट काढली, ती मी देऊ दिली नाही. बीपी वरचं नव्वद होतं, आणि खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये हृदयाचा उजवा कप्पाही झटक्यात सापडलेला असेल तर त्या गोळीने बीपी कोसळतं. मोठ्या हॉस्पिटलात छातीच्या उजव्या बाजूला पट्ट्या लावून ईसीजी काढला, तेव्हा उजवा कप्पा खरंच सापडलेला निघाला. अँजिओग्राफीत उजवी वाहिनी पूर्ण बंद होती. स्टेंट बसला.

दिरांचं आजही मत आहे की "तो माइल्ड अटॅक होता, खरा असता तर दुखलं असतं." भाऊजी, हे तुम्ही वाचत असाल तर ऐका: वेदना किती झाली यावरून स्नायू किती मेला हे ठरत नाही. आईंच्या इकोमध्ये खालची भिंत आजही कमी हलते.

आता तुमच्या प्रश्नाचं उरलेलं. पहिला ईसीजी नॉर्मल म्हणजे सुटका नाही. त्रास चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढायला सांगा आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी मागा. तीही अगदी सुरुवातीला नॉर्मल येऊ शकते, म्हणून काही तासांनी परत करतात. बायकांबद्दल जे पसरवलं जातं ते अर्धंच खरं आहे. बहुतेक बायकांनाही छातीत काहीतरी होतंच. फक्त दम लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ धरणं, विचित्र थकवा हे सोबत जास्त येतं आणि छातीचं त्यात बुडून जातं. म्हणून आईला "दुखतंय का" एवढंच विचारू नका. छातीत, गळ्यात, जबड्यात, पाठीत काही जड, आवळल्यासारखं वाटतंय का, एरवीच्या चार पायऱ्यांवर दम लागतोय का, हे विचारा.

आणि हो, घाम दिसला की आधी शुगर मोजाच. ७० च्या खाली असेल तर साखर द्या, तिथे उशीर करू नका. पण शुगर वर आल्यावरही घाम, मळमळ थांबली नाही तर निघा. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा कुठून रक्त जात असेल तर ती देऊ नका. कुठलीच गोळी शोधण्यात ॲम्ब्युलन्सला उशीर होऊ देऊ नका, आणि स्वतः गाडी चालवत नेऊही नका.

आईला काहीच त्रास नसताना मात्र घाबरून थेट अँजिओग्राफी करवून घेऊ नका, त्याची सरसकट गरज नसते. पाय बधिर आणि उठल्यावर चक्कर अशा दोन्ही तक्रारी असतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आडवं आणि उभं असतानाचं बीपी मोजायला सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा जास्त उतरत असेल, तर कारण औषधंही असू शकतात. पण नसा खराब झाल्याचा तो एक पुरावा असतो, आणि अशा माणसाच्या छातीत दुखत नाही याचा मी तरी काहीही अर्थ लावत नाही.