वर्षातील सर्वोत्तम कर्मचारी म्हणून आमच्या मेंटेनन्सच्या फिटरची निवड झाली आहे. मानपत्र मला लिहायचं आहे. भाषा कशी ठेवू आणि किती मोठं लिहू?

निष्ठावान, मनमिळाऊ, कष्टाळू हे शब्द आधी काढून टाका. ते कुणालाही चिकटवता येतात. त्या माणसाने काय केलं ते लिहा.

आमच्या कारखान्यात कॉम्प्रेस्ड एअरची गळती आटोक्यात आणणाऱ्या फिटरला हा पुरस्कार मिळाला, तेव्हा एचआरच्या मसुद्यात ‘ऊर्जाबचतीत मोलाचे योगदान’ एवढंच होतं. प्रत्यक्षात त्याने साप्ताहिक सुट्टीला सगळी मशीन बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवून घड्याळ लावलं. हवा वापरणारं कुणी नसताना कॉम्प्रेसर २ मिनिटं लोड होऊन हवा भरत होता आणि ३ मिनिटं अनलोड होऊन नुसता फिरत होता. म्हणजे त्याच्या क्षमतेतली ४० टक्के हवा नुसती गळतीला जात होती.

मग ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन तो लाइनवर फिरला. फुगे दिसले की तिथे टॅग. गळती मुख्य पाइपात फारशी नव्हतीच, पीयू ट्यूबच्या पुश फिटिंगमध्ये होती. ट्यूब ब्लेडने तिरकी कापली की आतल्या सीलवर ती सगळीकडून नीट बसत नाही. अशा वेळी फिटिंग कितीही बदला, थोड्या दिवसांनी फुसफुस पुन्हा सुरू. त्याने फिटिंग बदलायचं सोडून प्रत्येक टूलबॉक्समध्ये ट्यूब कटर ठेवायला लावला आणि टोकं काटकोनात कापून शेवटपर्यंत आत बसवली. पुढच्या चाचणीत १ मिनिट लोड, ६ मिनिटं अनलोड. गळती साधारण १४ टक्क्यांवर आली.

मानपत्रात हेच हवं: सुट्टीच्या दिवशीची चाचणी, तिरक्या कापाचं कारण, कटर, ४० वरून १४.

रुपयांचा आकडा मात्र जपून लिहा. गळती क्षमतेच्या २६ टक्क्यांइतकी घटली म्हणून वीजही तेवढीच वाचली, असं होत नाही. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवरही पूर्ण भाराच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याइतकी वीज खातो. म्हणून कॉम्प्रेसरच्या मीटरवरची आधीची आणि नंतरची युनिटं घ्या, उत्पादन सारखं असलेल्या महिन्यांची.

आणि रात्री दोन वाजता येऊन मशीन चालू करणाऱ्यालाच हा पुरस्कार द्यायची पद्धत चुकीची आहे, हे मी आमच्या निवड समितीतही भांडून सांगितलं होतं. ज्याच्या लाइनवर रात्री कुणाला बोलवावंच लागत नाही, त्याचं काम ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये दिसत नाही. तुमच्या फिटरचं काम तसलं असेल तर बंद न पडलेले तास मानपत्रात मांडा.

लांबी एका पानाच्या आत. सोबतच्या हेल्परचं नाव सुटू देऊ नका, आणि छापण्याआधी मजकूर फिटरला वाचून दाखवा; तांत्रिक चूक तोच पकडेल.