लिटरेचर रिव्ह्यू थीमनुसार कसा लिहायचा?

"पेपर सगळे वाचलेत, पण गाईड म्हणतात ही नुसती यादी झाली, थीमवाईज लिही. थीम काढायच्या कशा?"

माझाही चॅप्टर याच शेऱ्यासकट परत आला होता. तेव्हा कामाला आला तो एक साधा तक्ता, एक्सेलमध्ये केलेला. आडव्या ओळीत एकेक पेपर आणि उभे रकाने प्रश्नांचे. बरेच जण रकान्यांना लेखक, वर्ष, पद्धत, निष्कर्ष अशी नावं देतात आणि मग तक्ता भरूनही यादीच हातात येते, म्हणून रकाना हा प्रश्नच हवा.

माझा विषय होता मोबाईल आणि कॉलेजच्या मुलांची झोप. रकाने केले तीन: झोप मोजली कशी, मोबाईलचा वापर दिवसभराचा धरला की झोपण्याआधीचा, आणि झोप बिघडण्याचं कारण काय दिलंय. भरून झाल्यावर तक्ता आडवा वाचायचा नाही, एकेक रकाना वरून खाली वाचायचा. पहिला रकाना वाचताना लगेच दिसलं की काहींनी मुलांनाच विचारलंय किती झोपलात, आणि काहींनी मनगटावरच्या यंत्राने मोजलंय, आणि निष्कर्षातला फरकही बराचसा तिथेच पडतोय. ही झाली थीम.

आधी मी लिहिलं होतं, "अ यांनी प्रश्नावली वापरली, त्यांना संबंध आढळला. ब यांनी यंत्र वापरलं, त्यांना फारसा आढळला नाही." नंतर तेच असं झालं: "मोबाईलमुळे झोप कमी होते असं म्हणणारे बहुतेक अभ्यास मुलांच्या स्वतःच्या सांगण्यावर उभे आहेत (अ, क, ड), यंत्राने मोजल्यावर हा संबंध फिका पडतो (ब, इ), त्यामुळे मुलांना झोप कमी झाली असं वाटतं की ती खरंच कमी होते हे अजून सुटलेलं नाही." पेपर तेच आहेत, पण आता वाक्याचा कर्ता लेखक नाहीये, मुद्दा आहे, आणि माझ्या अभ्यासाची जागा आपोआप दिसायला लागली.

एकच पेपर दोन-तीन थीममध्ये आला तर येऊ द्या, उलट तसं झालं की समजायचं खरंच जुळवाजुळव होतेय, फक्त त्याची सगळी माहिती पहिल्याच वेळी ओतू नका, त्या मुद्द्यापुरतीच द्या. ज्या रकान्यात एकच पेपर भरलाय ती थीम नाही, तो पेपर दुसऱ्या मुद्द्याखाली घ्या किंवा त्यावर अजून शोधा. आणि "भारतातले अभ्यास", "परदेशातले अभ्यास" अशी हेडिंगं शक्यतो नकोत, देशामुळे निष्कर्ष का बदलतो हे सांगता येत नसेल तर ती यादीच आहे, फक्त दोन डब्यांत घातलेली.

ड्राफ्ट झाला की प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य कॉपी करून एकाखाली एक लावा. लागोपाठ नावं आणि सालं दिसली तर ते परिच्छेद परत तक्त्याकडे न्या.