उघड्या सोलर लाइनवर किती जाडीचे आवरण परवडेल?

प्रश्न: पुण्यातील आमच्या सोसायटीत सोलरची 1 इंची जीआय लाइन 80 मीटर उघडी आहे. सकाळी 5 ते 10 पंपाने गरम पाणी फिरते. नायट्राइल आवरणाचे दर मीटरला 9 मिमीसाठी 180, 19 मिमीसाठी 300 आणि 25 मिमीसाठी 390 रुपये आले आहेत. वर्षातले 150 दिवस बॅकअप हीटर लागतो, युनिट 10 रुपयांना पडते. सर्वांत जाड घ्यावे का?

उत्तर: पाणी 60 अंश आणि हवा 25 अंश धरली, तर अशा उघड्या पाइपमधून स्थिर हवेत मीटरमागे सुमारे 37 वॅट उष्णता जाते. म्हणजे पाच तासांत संपूर्ण लाइनवर जवळपास 15 युनिट जातात. हा आकडा आपण स्वतः पडताळून पाहावा: टाकीकडे परतणारे पाणी एक मिनिट बादलीत घेऊन मोजावे आणि जाणाऱ्या व येणाऱ्या पाण्याचे तापमान नोंदवावे. मिनिटाला 10 लिटर पाणी फिरत असेल, तर सुमारे 4 अंशांचा फरक दिसायला हवा. गच्चीवर वारा असल्यास तो अधिक भरेल.

9 मिमी आवरणाने हा ऱ्हास मीटरमागे साडेचौदा वॅटवर येतो, 19 मिमीने पावणेदहावर आणि 25 मिमीने सव्वाआठवर. बचत मोजताना मी फक्त हीटर चालणारे 150 दिवसच धरतो, कारण भरपूर उन्हाच्या दिवशी पाणी पुरूनच उरते आणि तेव्हा वाचलेल्या उष्णतेचे बिल कमी होत नाही. या हिशेबाने 9 मिमीचे 14,400 रुपये वर्षाला 13,500 रुपये वाचवतात. त्यापुढे 19 मिमीसाठी जास्तीचे 9,600 रुपये घातले, तर वर्षाला सुमारे 2,900 रुपये अधिक वाचतात, म्हणजे ते सव्वातीन वर्षांत वसूल होतात. 25 मिमीसाठी आणखी 7,200 रुपये लागतात आणि अधिकची बचत जेमतेम 900 रुपयांची, म्हणजे वसुलीला आठ वर्षे. जाडी वाढते तशी प्रत्येक पुढच्या मिलिमीटरची कमाई घटते, म्हणून मी 19 मिमी निवडेन.

वाचलेले 7,200 रुपये आवरणावरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खर्च करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. उघडे काळे नायट्राइल उन्हात कडक होते, चिरते आणि बोट फिरवल्यावर काळी भुकटी हाताला लागते. त्या चिरांतून पावसाचे पाणी शिरले की ओले आवरण उष्णता अडवत नाही. काम संपल्यावर एल्बो, व्हॉल्व्ह आणि क्लॅम्पच्या जागा हाताने तपासाव्यात, कारण कंत्राटदार नेमके हेच भाग उघडे सोडतात. पंप चालू असताना जिथे पृष्ठभाग हाताला चटकन गरम लागेल, तिथले काम पूर्ण करून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.