एफडी मोडू की ओव्हरड्राफ्ट घेऊ?

प्रश्न: मी ६८ वर्षांची, मुलुंडला एकटी राहते. मुलगा पुण्यात असतो. शुक्रवारी फोन आला की माझ्या आधारवर उघडलेल्या खात्यातून मनी लाँडरिंग झालंय. मग व्हिडिओ कॉलवर आधी ‘कुलाबा पोलीस’, नंतर ‘सीबीआय’चे साहेब आले. मला डिजिटल अरेस्टमध्ये ठेवलंय, कोणाला सांगायचं नाही म्हणतात. पैशांच्या पडताळणीसाठी १,८०,००० रुपये एनईएफटीने पाठवले. आता सोमवारी आणखी ९ लाख पाठवायचेत. ४८ तासांत सगळे परत येतील म्हणतात. माझी १० लाखांची एफडी आहे, मुदतीला १४ महिने बाकी. ती मोडू की तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेऊ? नाही दिले तर आधीचे बुडतील का? रात्री झोपायला सोडलंय, तेवढ्यात लिहितेय.
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर: बाई, तुमचा मेल रविवारी सकाळी उघडला आणि आधी फोनच केला. त्यामुळे एक रुपयाही पाठवायचा नाही, कॉल बंद करायचा आणि सायबर फसवणुकीची १९३० ही हेल्पलाइन लावायची, हे तुम्हाला तेव्हाच कळलं, आणि तुम्ही ते केलंतही. आज बुधवारी निवांत लिहितोय, कारण तुमच्या प्रश्नातला हिशेब मला स्वस्थ बसू देईना. घाबरलेल्या अवस्थेतही तुम्ही दोन पर्यायांची तुलना करत होतात. अशी तुलना करणारा माणूस फसणार नाही असं आपण धरून चालतो. पण समोरच्यांना नेमकी तीच सवय उपयोगी पडते.

हिशेब मांडून बघू. तुमची एफडी तीन वर्षांची, ७ टक्क्यांची, २२ महिने झालेले. मोडली तर बँक तेवढ्या मुदतीचा दर धरते आणि वर दंड लावते. दर ६.७५ आणि दंड १ टक्का धरला, तर हातात ५.७५ टक्के येतात. म्हणजे सव्वा टक्क्याचा फटका, २२ महिन्यांचे साधारण २३,००० रुपये. ओव्हरड्राफ्ट एफडीच्या दरापेक्षा एखाद टक्का महाग मिळतो. ९ लाखांवर ८ टक्क्यांनी दोन दिवसांचं व्याज जेमतेम ४०० रुपये. तेवीस हजार विरुद्ध चारशे! कुणीही ओव्हरड्राफ्टच म्हणेल. शिवाय तो घरबसल्या मिळतो, शाखेत जावं लागत नाही, कोणी कारण विचारत नाही.

पण ते चारशे रुपये एकाच गोष्टीवर उभे आहेत: ४८ तासांत पैसे परत येणार, यावर. ते येणार नसतील तर दोन्ही पर्यायांत तुमचे ९ लाखच जातात, फरक फक्त कागदाचा. एफडी मोडली तर आज जातात. ओव्हरड्राफ्ट घेतला तर एफडी पासबुकात दिसत राहते, पण मुदत संपली की बँक ती कर्जापोटी वळती करते. या ९ लाखांवर वर्षाला ६३,००० व्याज येतं, महिन्याला ५,२५०. तुमच्या औषधांचा आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचा खर्च तुम्ही फोनवर सांगितला होता, तो साधारण यातूनच भागतो.

आता मुळातला प्रश्न. सरकारला तुमच्या पैशांवर खरोखरच संशय आला, तर ते काय करतं? ते तुमच्याकडे पैसे मागत नाही, बँकेला पत्र पाठवतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस संशयित मालमत्ता ताब्यात घेऊ शकतात, आणि बँक खात्याच्या बाबतीत त्याचा अर्थ खातं गोठवणं. ईडीला मनी लाँडरिंगच्या कायद्यात असेच अधिकार आहेत. पैसे जिथे आहेत तिथेच राहतात, फक्त तुम्हाला काढता येत नाहीत. तपासासाठी पैसे जागेवरून हलवणं म्हणजे चोरीच्या संशयावरून दागिने जप्त करण्याऐवजी ते मालकिणीलाच टपालाने पाठवायला सांगणं. रिझर्व्ह बँकही ‘पडताळणीसाठी’ कुणाची बचत स्वतःच्या खात्यात मागवून घेत नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांची खाती ती ठेवतच नाही.

ही गोष्ट तुमच्या व्यवहारातही दिसत होती. एनईएफटी, आरटीजीएस करताना आता खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की समोरच्या खातेदाराचं नाव पाहता येतं. रिझर्व्ह बँकेने ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला बँकांना सांगितलं होतं. तुम्ही मला वाचून दाखवलेलं नाव कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’चं होतं, शाखा परराज्यातली. हे भाड्याने घेतलेलं खातं. कुणा गरजूला थोडे पैसे देऊन त्याच्या नावाचं खातं वापरायचं, आणि रक्कम आली की काही मिनिटांत ती पुढच्या दहा खात्यांत पांगवायची. सीबीआयचा तपास एखाद्या ट्रेडिंग कंपनीच्या चालू खात्यात का जमा होईल? त्या क्षणी कानात साहेबांचा आवाज चालू असतो, म्हणून स्क्रीनवरचं नाव दिसत असूनही वाचलं जात नाही. तुम्हाला दोष देत नाही. माझ्या एका चार्टर्ड अकाउंटंट मित्राच्या वडिलांनीही ते वाचलं नव्हतं.

‘पण खरंच केस असेल तर?’ हे तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत. असेल तर कागद येईल आणि माणूस येईल. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. अटक म्हणजे पोलीस समोर येऊन तुम्हाला प्रत्यक्ष ताब्यात घेणं. बाईमाणसाला तर अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, आणि त्या अपवादालाही महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. चौकशीला हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर कुठल्याही महिलेला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांनी तुमच्या घरी यायचं असतं. चोवीस तास कॅमेऱ्यासमोर बसा आणि स्वयंपाकघरात जातानाही विचारा, असा हुकूम देण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणि ज्या सीबीआयचं नाव घेऊन तुम्हाला धमकावलं, त्याच सीबीआयकडे सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२५ रोजी या डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सोपवला आहे.

त्यामुळे पुन्हा असा फोन आला तर वाद घालू नका, त्यांना खोटं पाडायच्या भानगडीत पडू नका. बोलणं वाढलं की त्यांचंच फावतं. एवढंच म्हणायचं: ‘नोटीस घरी पाठवा, मी वकिलांना घेऊन मुलुंड पोलीस ठाण्यात येते.’ आणि फोन ठेवायचा. कॉल कापल्यावर दारात गाडी येईल ही भीती वाटणारच. म्हणून लगेच दुसरं माणूस गाठायचं: शेजारच्या काकू, मुलगा, सोसायटीचा वॉचमनही चालेल. ‘कोणाला सांगू नका’ ही अट ते घालतात, कारण दुसऱ्याला सांगताना आपलंच वाक्य आपल्याला विचित्र ऐकू येतं. खात्री करायचीच असेल तर ठाण्याचा नंबर स्वतः शोधा किंवा ११२ लावा. त्यांनी दिलेल्या नंबरवर केलेली खात्री त्यांचाच दुसरा माणूस करून देतो.

आता १,८०,००० बद्दल, आणि इथे मी गोड बोलणार नाही. उरलेले दिल्याने ते परत आले नसते. पहिली रक्कम तुम्ही सांगितलेलं ऐकता का, हे बघण्यासाठी असते. नऊ लाखांनंतर ‘जामीन’ आणि त्यानंतर ‘क्लिअरन्स’ची फी निघाली असती. बँकही भरपाई देणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांतलं संरक्षण तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे आणि इथे ओटीपी तुम्हीच टाकला होता. आयकरातही या नुकसानीची वजावट मिळत नाही.

वाट एकच, पैसे पुढे सरकण्याआधी अडवणं. १९३० वर तक्रार नोंदली की ती पैसे गेलेल्या बँकेपर्यंत आणि तिथून पुढच्या बँकेपर्यंत जाते. जिथे जेवढी शिल्लक सापडेल तेवढी तिथे थांबवली जाते. म्हणून पहिला तास फार मोलाचा. तुमचा फोन दीड दिवस उशिरा गेला आणि तरी ४१,००० रुपये तिसऱ्या खात्यात थांबलेत, हे खरं तर नशीबच. फोनवर मिळालेला पोचक्रमांक जपून ठेवा आणि cybercrime.gov.in वर तीच तक्रार पूर्ण झालीय का ते मुलाकडून आजच तपासून घ्या. ती अर्धवट राहिली तर पुढे काही हलत नाही. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम, समोरच्या खात्याचा तपशील, चॅट आणि त्या बनावट ‘वॉरंट’चे स्क्रीनशॉट सगळं ठेवा, लाज वाटून पुसू नका. मुलुंड पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवून त्याची प्रत घ्या, कारण थांबलेले ४१,००० परत मिळवायला दंडाधिकारी न्यायालयात अर्ज करावा लागलाच, तर तिथे पोलिसांचा अहवाल मागतात. काही महिने लागतील असं धरून चाला. उरलेले १,३९,००० मी तुमच्या वहीतून वजा करून पुढचं नियोजन करणार आहे. काही आलेच तर नंतर जोडू.

मध्ये कुणी ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी पाच टक्के फी द्या’ म्हणून फोन करेल. फसलेल्या लोकांचे नंबर याद्यांमधून फिरतात. त्यालाही तेच वाक्य आणि फोन बंद.

मुलगा शनिवारी येतोय तेव्हा त्याला घेऊन शाखेत जा आणि नेटबँकिंगची रोजची मर्यादा २५,००० वर आणा. तुमचा सगळा खर्च त्यात बसतो. एफडी ऑनलाइन मोडण्याची आणि तिच्यावर ऑनलाइन ओव्हरड्राफ्ट घेण्याची सोय बंद करता येते का ते विचारा. काही बँका लेखी अर्जावर करतात. तुमच्या फोनमध्ये त्यांनी स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं होतं, ते काढा आणि बँकेचे पासवर्ड मुलाच्या फोनवरून बदला. आधारचं बायोमेट्रिकही लॉक करून टाका.

शाखेत व्यवस्थापकांना झालेलं सगळं खरं सांगा. शुक्रवारी ‘मुलाच्या फ्लॅटसाठी’ असं कारण त्या फसवणाऱ्यांनीच तुम्हाला पढवलं होतं. सोमवारी तुम्ही शाखेत गेला असतात आणि काउंटरवरच्या मुलीने विचारलं असतं, तर तिलाही तुम्ही तेच सांगितलं असतं ना?