पीएफच्या लेजरमध्ये दोन्ही हिश्शांचे रकाने वेगळे ठेवा आणि व्याज वर्षअखेरीसच जमा करा

प्रश्न: आमच्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट आहे. एक्सेलमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याचे लेजर करतो आहे. व्याज दर महिन्याला जमा करायचे का? मालकाचा हिस्सा वेगळा दाखवला नाही तर चालेल का?

चालणार नाही. भोसरीतल्या एका कारखान्याच्या ट्रस्टचे लेजर मी अनेक वर्षे सांभाळले, म्हणून हे ठामपणे लिहितो.

माझ्या आधीपासून तिथे एकच ‘एकूण शिल्लक’ रकाना होता. एकदा एक टर्नर मुलीच्या लग्नासाठी उचल मागायला आला. लग्नाची उचल तेव्हाच्या नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या हिश्शातून, व्याजासह जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत मिळत असे. “साहेब, यातले माझे स्वतःचे किती?” असे त्याने विचारले आणि लेजरपाशी त्याचे उत्तरच नव्हते. खात्यावर 2,71,000 रुपये होते. आमच्या अकाउंट्स मॅनेजरांनी त्यांना दोनने भागले, 1,35,500 हा त्याचा हिस्सा ठरवला आणि 67,750 रुपये मंजूर केले. मी तीन रात्री बसून जुन्या पगारपत्रकांवरून दोन्ही हिस्से वेगळे काढले, तेव्हा त्याचा स्वतःचा हिस्सा 1,84,000 निघाला, म्हणजे त्याला 92,000 मिळायला हवे होते. लग्न तोपर्यंत सावकाराच्या पैशांवर पार पडले होते. “बेरीज तर जुळते ना?” एवढेच मॅनेजर म्हणाले. बेरीज जुळत होती, पण वाटणी चुकीची होती, आणि ही गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही.

दोन्ही बाजूंनी 12 टक्के कापले जातात म्हणून हिस्से समान असतात, असे त्यांनी गृहीत धरले होते. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही 15,000 रुपयांच्या पगारमर्यादेवर, म्हणजे जास्तीत जास्त 1,250 रुपये. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 20,000 असतील, तर कर्मचाऱ्याचे 2,400 पूर्ण जमा होतात आणि मालकाच्या 2,400 पैकी 1,150 च पीएफच्या खात्यात येतात. पेन्शनची रक्कम लेजरच्या शिलकेत कधीही धरू नका.

आता व्याज. ते दर महिन्याच्या शिलकेवर मोजायचे असते, पण खात्यावर 31 मार्चलाच टाकायचे असते. महिन्याचा आकडा वेगळ्या रकान्यात हवा तर दाखवा, शिलकेत मात्र मिळवू नका. आलेली वर्गणी पुढच्या महिन्यापासून व्याज मिळवते आणि काढलेली रक्कम काढलेल्या महिन्यापासूनच व्याज गमावते. म्हणून व्याजाची शिलक काढताना त्या महिन्याची वर्गणी धरू नये, त्या महिन्याची उचल मात्र वजा करावी.

कर्मचाऱ्याच्या हिश्शाचे उदाहरण घ्या. 1 एप्रिलची शिल्लक 1,30,000 आणि दरमहा 2,400. मार्चच्या पगारावरची वर्गणी एप्रिलमध्ये जमा होते, त्यामुळे ती 11 महिने व्याज कमावते आणि पुढच्या मार्चमध्ये जमा होणारी शून्य महिने. बाराही शिलकांची बेरीज 17,18,400 होते. 8.25 टक्के दराने, बारा शिलका F रकान्यात असतील तर:

```
=ROUND(SUM(F2:F13)*8.25/1200,0)
```

उत्तर 11,814 रुपये येते आणि अखेरची शिल्लक 1,70,614 होते. हेच व्याज दर महिन्याला शिलकेत मिळवत गेलात, तर चक्रवाढ होऊन सुमारे 440 रुपये जास्त दिसतील आणि ऑडिटर ते नेमके पकडेल. नोव्हेंबरमध्ये 50,000 काढले, तर नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांच्या शिलकेतून ते वजा करा. डिसेंबरपासून वजा केल्यास 343.75 रुपये व्याज जास्त पडते. मालकाच्या हिश्शाचे व्याज याच पद्धतीने स्वतंत्र काढा.

वार्षिक पत्रकात प्रत्येक हिश्शासाठी आरंभीची शिल्लक, वर्गणी, उचल, व्याज आणि अखेरची शिल्लक छापा. बेरीज शेवटी द्या. कर्मचाऱ्याने पगाराच्या पावतीतील कपात मिळवून पाहिली, तर त्याच्या हिश्शाची वर्गणी जुळलीच पाहिजे.

एक राहिले. 1 सप्टेंबर 2014 नंतर 15,000 पेक्षा जास्त पगारावर जे पहिल्यांदाच सदस्य झाले, ते पेन्शन योजनेत येत नाहीत आणि त्यांच्यासाठी मालकाचे 12 टक्के पूर्ण पीएफमध्ये जातात. त्यामुळे 1,250 ची वजावट सर्वांना एकाच सूत्राने लावू नका, प्रत्येक नावापुढे पेन्शन सदस्यत्वाचा ‘हो’ किंवा ‘नाही’ असा रकाना आधी भरून घ्या.