रंग न उखडता भिंतीवरचा चिकट हुक कसा काढावा?

भिंतीला चिकटवलेल्या हुकची ओढायची पट्टी तुटली. आता प्लास्टरवरचा रंग न निघता हुक कसा काढू?

हुक सरळ बाहेर ओढू नका. गोंदाची पकड रंगाच्या पकडीपेक्षा घट्ट असते, म्हणून रंगाचा पापुद्राच हुकबरोबर येतो. हेअर ड्रायर 10-15 सेंटीमीटरवर धरून, सतत हलवत मिनिटभर ऊब द्या. रंग फुगताना दिसला तर लगेच थांबा. मग दात साफ करायचा दोरा हुकच्या मागे वरून घाला आणि भिंतीला समांतर, करवतीसारखा खाली ओढत न्या. हुकमागच्या चिकटपट्टीतला फोम मधोमध चिरला जातो. दोरा अडला की पुन्हा ऊब द्या, जोर नको. भिंतीवर उरलेला फोम कोमट असतानाच अंगठ्याने चोळून त्याच्या गोळ्या करा. खरवडू मात्र नका. रंग आधीच पोपडे धरलेला असेल, तर थोडा निघणारच.