लॅक्टोज असहिष्णुता की दुधाची अ‍ॅलर्जी?

प्रश्न: दोन्हीत दूध बाधतंच ना? मग तीन मार्कांना फरक काय लिहू?

साखर की प्रथिन, तिथून सुरुवात करा. असहिष्णुतेत लहान आतड्यातलं लॅक्टेज विकर कमी पडतं. न पचलेली दुग्धशर्करा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, म्हणून गॅस, पोटदुखी, जुलाब. अ‍ॅलर्जीत प्रतिकारशक्ती केसीनसारख्या प्रथिनावर उलटते: अंगावर गांधी, ओठ सुजणं, कधी श्वास अडकणं.

उदाहरण ताकाचं द्या. इथे सोलापुरात आमच्या आजीचं कपभर दुधानं पोट फुगतं, पण कडक भाकरीबरोबर वाटीभर ताक चालतं, कारण विरजणात लॅक्टोज कमी होतं. अ‍ॅलर्जीवाल्याला मात्र ते घोटभरही नको; प्रथिन ताकातही असतंच. ‘अ‍ॅलर्जीत लॅक्टोज-फ्री दूध द्यावं’ असं लिहिलंत की मार्क गेले!